सुळा आणि मशिदीचं गार पाणी

माझ्या सुळ्याची हकीकत आमच्या दमनहूर गावात निदान चार प्रकारांनी सांगितली जाते. एका प्रकारात मी टाचणी गिळतो, एकात मला नजर लागते, एकात माझी बायको मला लाटण्यानं मारते, आणि चौथ्यात मी साक्षात अवलिया ठरतो. चारही प्रकार खोटे आहेत. चौथा खोटा असल्याचं मला थोडं वाईट वाटतं, पण खोटा तो खोटाच. माझ्या तोंडात घडलेली गोष्ट आहे, तेव्हा ती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

मी सब्री. गलाबिया, म्हणजे पायघोळ अंगरखे, शिवतो. लोक मला उस्ताद सब्री म्हणतात, आणि जे म्हणत नाहीत त्यांचं कापड मी सगळ्यात शेवटी हातात घेतो. आता लोकांना वाटतं की शिंप्याची हत्यारं म्हणजे कात्री, सुई आणि मशीन. चूक. शिंप्याचं पहिलं हत्यार म्हणजे त्याचे दात. टाचण्या कुठे धरायच्या? दातांत. दोरा कशानं तोडायचा? दातानं. कात्री नेहमी कापडाच्या ढिगाखाली असते, मोजपट्टीखाली असते, शेजाऱ्याकडे असते. दात मात्र माणसाला शोधावा लागत नाही. माझ्या धंद्याची सगळी वर्षं मी दोरा वरच्या डाव्या सुळ्यावर घेतला, मान जराशी झटकली, आणि तोडला. त्या जागी सुळ्याला एक बारीक खाच पडली होती. दोरा तिच्यात असा बसायचा की काय सांगू. मला त्या खाचेचा अभिमान होता. इन्साफ, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "अहो, त्या दाताला एक दिवस तडा जाईल." मी म्हणायचो, कात्रीला धार लावायला पैसे पडतात, याला पडत नाहीत.

त्या वर्षी रमजान भर उन्हाळ्यात आला होता. रमजान म्हणजे शिंप्याची सुगी. ईदला अख्ख्या गावाला नवी गलाबिया हवी असते आणि अख्ख्या गावाला ती आधीच्या शाबानच्या महिन्यात आठवत नाही. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी रोजा सोडून मी कतायेफ तोंडात टाकला, पाकात निथळणारा, आतून अक्रोड भरलेला, आणि सुळ्यातून एक कळ अशी गेली की डोळ्यापर्यंत पोचली. क्षणभर. मग गायब. दुसऱ्या दिवशी चिंचेच्या गार सरबतानं तेच केलं. मी सरबत उजव्या बाजूनं प्यायला लागलो. हा माझा उपचार होता.

दोन-चार दिवसांनी मसुराच्या गरम सूपनं कळ आली ती गेलीच नाही. ठणका लागला. उशीवर डोकं टेकलं की वाढायचा, उठून बसलं की जरा उतरायचा. इन्साफ म्हणाली डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं ईदनंतर. ती म्हणाली, गिऱ्हाइकांना सांगता तेच घरातही सांगू नका.

हे तिनं बोलायला नको होतं, कारण दुखणं नेमकं तिथेच होतं. दाताचं नव्हे, घराचं. माझी मुलगी अबीर आणि समोरच्या हाज बयूमींचा मुलगा हातिम यांच्या मनात एकमेकांशी लग्न करायचं होतं. हातिम सज्जन, शाळेत शिक्षक, दिसायलाही ठीक, खांदे थोडे उतरते आहेत पण ते कॉलरखाली लपतात. अडचण त्याच्या वडिलांची होती. हाज बयूमी म्हणजे मसाल्याचे आणि जडीबुटीचे मोठे दुकानदार. तराजूत जिऱ्याचा एक दाणा जास्त पडला तर काढून ठेवणारे नव्हेत, आणि कमी पडला तर टाकल्याशिवाय न राहणारे. त्यांचं म्हणणं एकच होतं: "शिंप्याच्या घरची मुलगी नको. शिंपी खोटं बोलतो. गुरुवारी या म्हणतो, आणि कुठला गुरुवार ते सांगत नाही." कधीतरी त्यांची ईदची गलाबिया मी ईदनंतर दिली होती. काही दिवसांनीच. पण काही माणसं धरून ठेवतात. अबीर माझ्या दुकानात बसून बटणं लावताना समोरच्या दुकानाकडे न बघण्याची फार काळजी घ्यायची. ते मला बघवत नसे.

आता गंमत अशी की आमच्या पेठेतली दाताची डॉक्टर बसायची हाज बयूमींच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जिना त्यांच्या गल्ल्याला लागून. म्हणजे मी दातासाठी जिना चढलो की हाजना पहिलं कळणार: बघा, ईदच्या तोंडावर उस्ताद आजारी, यंदाही गलाबिया बुडाल्या. लवंगेचं तेल घ्यायचं तर तेही त्यांच्याच दुकानातून. इन्साफ बिचारी दोन पेठा ओलांडून लवंग घेऊन आली. संध्याकाळी तेलाचा बोळा लावला की जरा बधिर व्हायचं, पण दिवसा रोजा. कुणीतरी तिला सांगितलं, अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर धरा. रात्री धरली. सकाळी हिरडी पांढरी पडून सालपटं निघाली. म्हणजे आता दात दुखत होता आणि हिरडी भाजली होती.

आणि मग मला पाण्याचा शोध लागला.

दुपारच्या नमाजाआधी वजू करताना, म्हणजे हात-तोंड धुताना, मी चूळ भरली आणि ठणका थांबला. एकदम. जणू कुणी बटण बंद केलं. पाणी थुंकलं, थोडा वेळ शांत, मग हळूहळू पुन्हा सुरू. पुन्हा चूळ, पुन्हा शांत. गरम लागलं की दुखायचं आणि गार लागलं की थांबायचं. घरच्या नळाचं पाणी उपयोगाचं नव्हतं, गच्चीवरच्या टाकीत तापून ते चहाला लागेल असं व्हायचं. मशिदीची टाकी मात्र जमिनीखाली. तिचं पाणी गार, गोड, जन्नतचं.

रोज्यात नुसती चूळ कशी भरत बसणार? लोक विचारतील. वजू केला तर कोण विचारणार? तेव्हा मी वजू करू लागलो. दुपारच्या नमाजाआधी एक, नंतर एक. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या, आधी एक. मधल्या वेळात एखादा कुराणाला हात लावायचा म्हणून, एखादा नुसताच पवित्र वाटावं म्हणून. बाही वर सरसावून बसायचं, चूळ भरायची, पाणी डाव्या बाजूला धरून ठेवायचं, डोळे मिटायचे, आणि ते कोमट झालं की थुंकायचं. डोळे मिटलेले बघून लोकांना वाटायचं मी मनात काही म्हणतोय. म्हणत होतोच. 'अरे देवा, अरे देवा' हे म्हणत होतो.

एकदा असरच्या आधी बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. जीभ टाळूला चिकटलेली. मशिदीत चिटपाखरू नाही. तोंडभर गार पाणी. ते पाणी मला आत यायला अगदी तयार दिसत होतं. मी थुंकलं. त्यात मोठेपणा काही नाही, रोजा म्हणजे रोजा. पण ते थुंकताना मला रडू आलं, हेही खरं.

पाच-सहा दिवसांत माझी कीर्ती पसरली. शेख अब्दुस्समी, आमच्या मशिदीचे इमाम, अतिशय गोड माणूस, दोष एवढाच की जे दिसतं त्यात त्यांना नेहमी चांगलंच दिसतं. त्यांनी एका संध्याकाळी प्रवचनात नाव न घेता सांगितलं की आपल्या पेठेत एक कारागीर आहे, ईदच्या गर्दीतही तो दर तासाला काम टाकून शुद्ध व्हायला येतो, आणि आपण मात्र. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी मान खाली घातली, कारण वर केली की ठणकायचं. ही नम्रताही माझ्या खात्यावर जमा झाली. म्हाताऱ्या बायका दुकानात येऊन माझ्याकडून लहान मुलांच्या डोक्यावर हात ठेवून घेऊ लागल्या. आणि मी काय करणार? ठेवला हात. माणसाला मान मिळाला की तो लगेच परत करता येत नाही.

मग एक दिवस हाज बयूमी स्वतः रस्ता ओलांडून दुकानात आले. कधी नव्हे ते बसले. जपमाळ ओढत बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, बाजारात माल पारखतात तसे. शेवटी म्हणाले की ईदच्या आधीच्या शुक्रवारी मुलांची फातिहा वाचून टाकू, लग्नाचं नंतर बघू. आमच्यात दोन्ही बापांनी बसून फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, वाचली की शब्द दिला गेला, मग माघार नाही. मी हो म्हणालो. आतल्या दारामागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. अबीरच्या हातून बटणांचा डबा सुटला होता.

आता माझी अवस्था बघा. मुलीचं लग्न माझ्या धर्मनिष्ठेवर ठरलं, आणि माझी धर्मनिष्ठा एका किडक्या सुळ्यावर उभी. आता जिना चढणं म्हणजे वरून ओरडून सांगणं, की लोकहो, मी देवासाठी नव्हे, दातासाठी येत होतो. हाज तराजू उलटा करून उठले असते. तेव्हा शुक्रवारची फातिहा होईपर्यंत दाताचं नावही काढायचं नाही, असं मी ठरवलं. इन्साफला शपथ घातली. ती म्हणाली, शपथ मी पाळेन, दात पाळेल का ते बघा.

पण दातानं पाळली! एका सकाळी उठलो तर ठणका नाही. मी थांबून वाट पाहिली. नाही. संध्याकाळी मुद्दाम गरम सूप डाव्या बाजूनं प्यायलो. काही नाही. त्यावर गार सरबत. काही नाही. सुळा शांत, सभ्य, शेजारच्या दातांपेक्षा गुणी. मी इन्साफला एक छोटं व्याख्यान दिलं. त्यात सबुरी, ईश्वराची कृपा, आणि डॉक्टर लोक माणसाला कसं घाबरवतात, असे तीन विषय होते. ती ओढणी खोचून भांडी घासत राहिली.

पण दात बरा झाल्यावर एक निराळाच त्रास सुरू झाला. मला आता पाण्याची गरज नव्हती, पण मशिदीला माझी सवय झाली होती. एक दिवस मी दोन वजू चुकवले तर शेख अब्दुस्समी काळजीनं दुकानात आले, मन अस्वस्थ आहे का विचारायला. समोरून हाज बघत होते. झालं. इकडे गलाबियांचा ढीग माझ्या डोक्याच्या वर गेला होता, कॉलर लावायच्या, काजं करायची, आणि मी दर तासाला सुई खोचून मशिदीकडे चालतोय, सुळा ठणठणीत असताना. दुखत होतं तेव्हा निदान जाण्याला अर्थ होता.

शुक्रवार जवळ आला तसा सुळा मला उंच वाटायला लागला. कसं सांगू, तोंड मिटलं की तो इतरांच्या आधी खालच्या दाताला टेकायचा. दोरा तोडायला गेलो तर मुळापासून वर अशी कळ गेली की दोरा तसाच राहिला. बुधवारी दुपारी नाकाच्या बाजूला गाल जड वाटला. संध्याकाळी आरशात बघितलं तर गाल वर आलेला. इथे मी धंद्याचं ज्ञान वापरलं आणि घात झाला. कापडाला सुरकुती पडली की काय करतात? गरम करून दाबतात. मी खांद्यात घालायच्या भरतीची एक गादी घेतली, इस्त्रीनं चांगली तापवली, आणि गालावर धरून झोपलो. फार बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी डावा डोळा उघडेना. आधी वाटलं अजून अंधार आहे. मग उजवा उघडला तर लख्ख उजेड. आरशात एक परका माणूस होता: डावा गाल तांबूस, चकचकीत, फुगलेला, नाकाच्या बाजूची घडी बुजलेली, वरचा ओठ एकीकडे ओढलेला, डोळ्याची फट. अंगात तापाची कणकण. तरीही मी दुकान उघडलं. मला वाटलं एक डोळा पुरतो. पण सुईच्या नेढ्यात दोरा घालायला एक डोळा पुरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दोरा नेढ्याच्या पुढून जायचा, मागून जायचा, मधून कधीच नाही. शेवटी अबीरनं ओवून दिला, तर मी उजव्या खांद्याला डावी बाही लावली. गलाबिया शेख अब्दुस्समींची होती.

आणि तेवढ्यात ते स्वतःच आले. माझं तोंड पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांचं निदान तयार होतं: नजर. एवढ्या इबादतीवर लोकांची नजर लागायचीच. ते काहीतरी पुटपुटून माझ्यावर फुंकर घालणार, इतक्यात इन्साफ आतून आली. तिनं शांतपणे विचारलं, शेखसाहेब, ताप आणि सूज असलेल्या माणसानं रोजा सोडला तर चालतो का? ते म्हणाले, चालतो म्हणजे काय, सोडावाच. आजाऱ्याला माफी आहे, नंतर भरून काढायचा. डॉक्टरकडे जावं का? ते म्हणाले, जावंच, औषध घेणं हेही देवाचंच सांगणं आहे. मग नकळत त्यांची नजर त्या दोन डाव्या बाह्यांवर गेली, आणि ते म्हणाले, लगेच जावं.

मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण ओठ हलला नाही. इन्साफनं माझा दंड धरला. रस्ता ओलांडताना मी मनात प्रार्थना करत होतो की हाज नेमके गोदामात असावेत. ते दारातच उभे होते. त्यांनी गल्ल्याला कुलूप लावलं, माझा दुसरा दंड धरला, आणि आम्ही तिघं तो जिना चढलो. ज्या माणसापासून दात लपवला त्याच्याच खांद्यावर भार टाकून मी दाताच्या डॉक्टरकडे चाललो होतो.

डॉक्टर मार्सेल तरुण, बुटकी, चष्म्याची. ती ख्रिस्ती, पण रमजानात आपला चहा पेशंटांच्या नजरेआड पिणारी. तिनं माझं तोंड बघितल्याबरोबर खुर्ची मागे केली आणि बाकीच्या पेशंटांना थांबायला सांगितलं. हाजना तिनं बाहेर बसायला सांगितलं नाही, कारण दार लागतच नव्हतं. ते दारातल्या खुर्चीवर बसले, जपमाळ हातात.

तिनं आधी ताप बघितला, जबड्याखाली चाचपलं, तोंड किती उघडतं, गिळताना त्रास होतो का, बंद डोळ्याची पापणी वर करून दिसतं का, सगळं तपासलं. मग आरशाच्या दांड्यानं एकेक दात हळूच ठोकला. सुळ्यावर आली तेव्हा मी खुर्चीतून उठलो. मग बोळ्यावर बर्फासारखा गार फवारा मारून तिनं तो शेजारच्या दाताला लावला, झिणझिणलं. सुळ्याला लावला, काहीच नाही.

"शिंपी आहात ना काका?" ती म्हणाली. "ही खाच बघूनच कळलं. खाचेतून तडा गेलाय, तड्यातून कीड आत गेली. फोटो काढते."

फोटोत सुळ्याचं लांब मूळ पांढरं दिसत होतं, आणि टोकाला काळा डाग, वाटाण्याएवढा. ती म्हणाली, हा पू. मग तिनं ज्याची मला भीती होती तो प्रश्न विचारला. कधीपासून, आणि कसं कसं दुखलं, नीट क्रमानं सांगा, त्यावरून मला ठरवायचंय.

दारात जपमाळ थांबली होती. मी इन्साफकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. मला एकदा वाटलं काहीतरी बनवून सांगावं. पण तोंड त्या बाईच्या हातात होतं, आणि डोळा जायची भीती होती. मी सांगितलं. आधी गोड, मग गार, मग गरम.

"आणि मग गार पाण्यानं बरं वाटायचं? तोंडात धरलं की थांबायचं?"

मी मान हलवली.

"रोजा होता, मग पाणी कुठलं?"

"वजूचं," मी म्हणालो.

तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिनं हातमोजे घालता घालता अगदी मोकळ्या आवाजात समजावून सांगितलं. उन्हाळ्यातल्या रमजानात असे दोन-तीन तरी येतातच. दाताच्या आतली नस सुजून मरायला टेकली की गरम सोसत नाही आणि गारानं आराम पडतो. मग एक दिवस ती नस मरते, दुखणं थांबतं, आणि पेशंट खूष होतो. दात बरा झालेला नसतो, फक्त तक्रार करणारा मेलेला असतो. आत सडत राहतं, मुळाच्या टोकातून हाडात जातं, हाडातून गालात. "शेक घेतलात ना बाहेरून?" मी इस्त्रीचं सांगितलं. तिनं डोळे मिटून घेतले. म्हणाली, इथल्या शिरा डोळ्याकडे आणि मेंदूकडे जातात, काका. अजून दोन दिवस काढले असते तर मी तुम्हाला हात न लावता थेट मोठ्या इस्पितळात पाठवलं असतं.

हे सगळं हाजनी ऐकलं. एकेक शब्द. मी खुर्चीत आडवा पडून दिव्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, गेलं. अबीरचं गेलं. पोरीनं काय केलं होतं? बापानं तोंड उघडलं आणि तिचं नशीब मिटलं. खरं सांगतो, त्या वेळी सुळ्याचं काही दुखत नव्हतं.

मी विचारलं, काढणार का? ती म्हणाली, मूळ भक्कम आहे, वाचवू. पेनिसिलिनचा त्रास होतो का विचारलं. मग सुई. पू असतो तिथे भूल नीट चढत नाही, म्हणून तिनं सुजेत न टोचता लांब वर, नस हाडातून बाहेर येते तिथे टोचलं. डोळ्याखालचा गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ, सगळं हळूहळू माझं राहिलं नाही. मग सुळ्याला मागच्या बाजूनं भोक पाडलं. घरघर, घरघर, आणि एकदम एक घाण वास आला, आणि काहीतरी गरम वाहू लागलं. इन्साफनं नाकाला ओढणी लावली. डॉक्टर समाधानानं म्हणाली, येऊ दे, येऊ दे. गालाच्या आतून, ओठ आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत, तिनं एक छोटा छेद घेतला, तिथूनही आलं. गालातला तो सगळा ताण असा उतरला की मला तिथेच झोप यायला लागली.

छेद लगेच मिटू नये म्हणून तिनं त्यात रबराची एक बारीक पट्टी ठेवली आणि ती जागेवर राहावी म्हणून एक टाका घातला. इथे मात्र मी उजवा डोळा उघडून नीट बघितलं. सुई अर्ध्या चंद्रासारखी वाकडी, चिमट्यात धरलेली, आणि तिला नेढंच नव्हतं. दोरा सुईच्या बुडातूनच निघालेला. गाठ दोन वेढ्यांची, वर उलट एक. चांगली गाठ होती. दोरा तोडायला तिनं कात्री घेतली. मग माझ्याकडे बघून म्हणाली की परवा पट्टी काढायला यायचं, मग मुळाची नळी साफ करून भरायची, वर टोपी बसवायची, आणि त्या दातानं आयुष्यात पुन्हा दोरा तोडायचा नाही. मी मान डोलावली. दिवसभरात एवढी साधी अट दुसरी कुणी घातली नव्हती.

मला उठवून बसवलं. डॉक्टरनं हातात एक कॅप्सूल दिली आणि थंड पाण्याचा पेला. आठ तासांनी पुढची, म्हणजे रोजे थोडे दिवस बंद. मी पेला ओठाला लावला. पाणी गार होतं. आणि काय झालं कोण जाणे, तोंडात पाणी घेतलं, डाव्या बाजूला धरलं, डोळे मिटले, आणि भांड्यात थुंकलं. कॅप्सूल हातातच. डॉक्टर वैतागून म्हणाली, काका, चूळ नाही भरायची, गिळायचंय. मी पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा थुंकलं. गळा उघडेचना.

दारातली खुर्ची सरकली. हाज बयूमी येऊन समोर उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. बधिर ओठातून जेवढं निघालं तेवढं मी बोललो: की हाज, तुम्ही ऐकलंत, मी अवलिया वगैरे नाही, दातासाठी येत होतो, पोरीला दोष देऊ नका, तिला ठाऊक नव्हतं.

"मी लवंग विकतो, उस्ताद," हाज म्हणाले. "दात दुखणारा माणूस मला रस्त्याच्या त्या टोकाहून चालण्यावरून कळतो. तुमची बायको दोन पेठा ओलांडून लवंग आणायला गेली, तो दुकानदार माझा मेहुणा आहे."

इन्साफनं छताकडे बघायचं थांबवलं.

"मग होकार कशाला दिलात?" मी विचारलं.

"माझ्या दुकानाच्या मागच्या खिडकीतून मशिदीचा नळ दिसतो," ते म्हणाले. "शेख तुमचे डोळे बघत होते. मी तुमचा गळा बघत होतो. म्हटलं, हा शिंपी आहे, गुरुवार-शुक्रवार करणारा, बाहेर आग पेटली आहे, दात ठणकतोय, आसपास कुणी नाही, आणि तोंडभर गार पाणी आहे. आज तरी गळा हलेल. उद्या तरी हलेल. रोज बघितलं. एकदाही हलला नाही. गिऱ्हाइकाशी तुम्ही खोटं बोलता, ते मला माहीत आहे. पण जिथे कुणी बघत नाही तिथे बोलत नाही. मला सून अशा घरातली चालते."

मी तिथेच रडलो. एका डोळ्यानं, कारण दुसरा बंद होता. हाजनी पेला उचलून माझ्या हातात दिला आणि वरून आपला हात धरून ठेवला.

"गिळा आता, व्याही," ते म्हणाले.

मी गिळलं. कॅप्सूल गेली, सगळं पाणी गेलं, पेला रिकामा झाला. भर दुपारी, रमजानात, तीन साक्षीदारांसमोर. असं पाणी मी आयुष्यात प्यायलो नाही.

मग हाज म्हणाले, शुक्रवारपर्यंत कशाला थांबायचं, उद्या तुमचं तोंड आणखी कसं होईल सांगता येत नाही; दोन्ही बाप इथेच आहेत. त्यांनी ओंजळ पसरली. मीही पसरली. डॉक्टर मार्सेलनं पाण्याचं यंत्र बंद केलं आणि हातमोजे तसेच ठेवून बाजूला उभी राहिली. पण फातिहा ओठानं म्हणायची असते, आणि माझा वरचा ओठ अजून परक्याचाच होता. पहिल्याच शब्दाला लाळ हनुवटीवर आली. हाजनी खुणेनं मला थांबवलं. त्यांनी एकदा स्वतःची फातिहा म्हटली, आणि मग, सावकाश, एकेक शब्द मोजून ठेवावा तशी, माझ्या वाटची. इन्साफ माझी हनुवटी पुसत होती. आमीन मात्र मी स्वतः म्हटलं. ते कसं ऐकू आलं ते देवाला ठाऊक, पण हाजनी ते मंजूर केलं.